दारात आलेलं कस्टमचं बिल आणि अडकलेलं पार्सल

*"परदेशातल्या ग्राहकाने कस्टमचे पैसे भरायला नकार दिला, पार्सल परत निघालं, आणि वर 'तीन आठवडे झाले, वस्तू कुठे आहे?' म्हणून पैसेही परत मागतोय. लहान विक्रेत्याने अशा वेळी काय करायचं?"*

या पार्सलापुरतं बोलायचं तर आता फारसं हातात नाही. वस्तू परत मिळेपर्यंत थांबा आणि वस्तूचे पैसे परत देऊन मोकळे व्हा. टपालखर्च मात्र द्यायचा की नाही, हे तुमच्या विक्रीच्या अटींत आधी काय लिहिलं होतं त्यावर ठरेल. पुढच्या पार्सलाला हे होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगतो, कारण मी स्वतः यात पोळलोय.

मी हाताने विणलेल्या लोकरी शाली विकतो. सुरुवातीला स्वतःच्या वेबसाइटवरून एक शाल जर्मनीला गेली. शाल 60 युरो, टपाल 15, असे ग्राहक बाईंनी 75 युरो भरले. त्यांच्या मते व्यवहार तिथेच संपला होता. माझ्याही मते. पण युरोपीय संघाने 22 युरोपर्यंतच्या मालाला असलेली व्हॅटची माफी 1 जुलै 2021 पासून बंद केली आहे, म्हणजे बाहेरून विकत घेतलेल्या अगदी छोट्या वस्तूवरही व्हॅट लागतो. शिवाय तो नुसत्या वस्तूवर नाही, टपालखर्च धरून लागतो. 75 वर 19 टक्के म्हणजे 14.25 युरो. तो कर बाईंच्या वतीने आधी भरल्याबद्दल वाहकाने आपला 6 युरोचा आकार लावला. झाले 20.25. पोस्टमन दारात उभा राहून 75 युरोच्या खरेदीवर आणखी वीस युरो मागतोय म्हटल्यावर त्यांनी नको म्हटलं, आणि मला त्यांचा राग येत नाही. तेव्हा 150 युरोच्या आतल्या मालावर ड्युटी नव्हती. हे सगळं नुसत्या व्हॅटचं आणि हाताळणीचं बिल होतं.

तर पहिला प्रश्न: हे पैसे कोण भरणार, ते विक्रीच्या आधी ठरलंय का? दोन पद्धती आहेत. डीएपीमध्ये माल तुम्ही पोचवता आणि आयातीचे कर ग्राहक भरतो. डीडीपीमध्ये करही तुम्ही भरता आणि ते किमतीत धरता. काहीच न ठरवता पार्सल पाठवलंत तर ते जवळजवळ नेहमी पहिल्या पद्धतीने जातं. ती वाईट नाही, पण मग वस्तूच्या पानावर, पैसे भरायच्या बटणाजवळ, ढोबळ रकमेसकट लिहा: "तुमच्या देशात कर आणि हाताळणी मिळून अंदाजे इतके द्यावे लागतील." अटींच्या पानात तळाशी पुरलेलं वाक्य कोणी वाचत नाही. डीडीपीत ग्राहक खूश असतो, पण ही सेवा प्रत्येक वाहक प्रत्येक देशासाठी देत नाही, आणि वस्तू परत आली तर भरलेला कर सहज सुटत नाही.

युरोपसाठी तिसरी वाट आहे, आयओएसएसची. 150 युरोपर्यंतच्या मालावरचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा आणि पार्सलाबरोबर नोंदणी क्रमांक पाठवायचा, म्हणजे दारात तो पुन्हा मागत नाहीत. स्वतः नोंदणी करायची तर संघाबाहेरच्या विक्रेत्याला सहसा तिथला मध्यस्थ नेमावा लागतो, जो दहावीस पार्सलांसाठी परवडत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारातून विकलंत तर तो बाजारच व्हॅट कापून घेतो आणि आपला क्रमांक तुम्हाला देतो. `IM` आणि पुढे दहा आकडे, असा तो दिसतो. इथे माझी दुसरी चूक झाली. मी तो पेनने पाकिटावर लिहिला. वाहकाच्या फॉर्ममधल्या त्या रकान्यात तो भरायला हवा होता, कारण कस्टमला हा क्रमांक संगणकावरच्या माहितीतून लागतो, पाकिटावरून नाही. ग्राहकाने व्हॅट दोनदा भरला आणि एकदाचा परत मिळवायला त्या बाजाराशी महिनाभर पत्रव्यवहार केला.

आता उशीर. तो बहुतेक वेळा विमानात होत नाही, कागदात होतो. सीएन 22 किंवा सीएन 23 या कस्टमच्या फॉर्मवर मी "कपडे, भेटवस्तू" असं लिहायचो. असल्या मोघम वर्णनावर पार्सल बाजूला पडतं. काही वेळा ते निघण्याआधीच थांबतं, कारण ही माहिती आता पार्सलाच्या पुढे संगणकाने जाते. आता मी लिहितो: "स्त्रियांची शाल, हाताने विणलेली, 100 टक्के लोकर, 1 नग", अर्थात इंग्रजीत. सोबत एचएस कोड, म्हणजे माल कोणत्या प्रकारचा ते कस्टमला सांगणारा आकडा. त्यातही गंमत आहे. सुयांवर विणलेली शाल 6117.10 मध्ये जाते, तीच लोकर मागावर विणली की 6214.20. आपल्याकडे दोन्हीला "विणणे"च म्हणतात, म्हणून मी सहा महिने चुकीचा कोड टाकत होतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात.

किंमत खरी लिहा. "गिफ्ट लिहा ना, कर वाचेल" असा निरोप दर चार ग्राहकांमागे एक पाठवतो. भेटवस्तूची सवलत खाजगी माणसाने खाजगी माणसाला फुकट पाठवलेल्या वस्तूला असते, विकलेल्या नाही. कस्टमला शंका आली तर ते ग्राहकाकडेच पैसे भरल्याचा पुरावा मागतात, पार्सल तोवर पडून राहतं, आणि हरवलं तर भरपाईही फॉर्मवरच्या किमतीपुरतीच मागता येते. बिलाची प्रत मी आत तर ठेवतोच, पण बाहेरून पारदर्शक पाकिटातही चिकटवतो.

ट्रॅकिंगवर `Held by customs` दिसलं की मी दोन दिवस थांबतो आणि मग ग्राहकाला लिहितो: "तुमच्याकडे कस्टमचं किंवा वाहकाचं पत्र, मेसेज आलाय का?" कारण पुढची किल्ली बहुधा त्याच्याकडे असते. तो ते जाहिरात समजून फेकून देतो, मुदत संपते, पार्सल परत फिरतं.

मुदतीचा आकडा वाहकाच्या जाहिरातीतून उचलू नका. त्यात कस्टमचे दिवस धरलेले नसतात. मी देशवार वही ठेवतो: टपालात टाकल्याची तारीख, पोचल्याची तारीख. एखाद्या देशाच्या शेवटच्या वीस पार्सलांपैकी अठरा जितक्या दिवसांत पोचली तो आकडा पानावर टाकतो. सरासरी टाकली तर निम्मे ग्राहक उशीर झाला म्हणणारच. पैसे परत मागायची खिडकीही बहुतेक ठिकाणी तुम्ही सांगितलेल्या शेवटच्या तारखेनंतर उघडते, म्हणून "दोन आठवडे" अशी कमी मुदत उत्साहात लिहिणं महागात पडतं.

अमेरिकेला पाठवत असाल तर जुने सल्ले विसरा. 800 डॉलरपर्यंतची ड्युटीमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून बंद आहे. तिथे दर वस्तू कुठून पाठवली यावर नाही, कुठे बनली यावर ठरतो, तेव्हा दुसऱ्याकडून माल घेऊन विकत असाल तर मूळ देशाचा रकाना अंदाजाने भरू नका. त्या महिन्यात अनेक देशांच्या टपालखात्यांनी तिथली पार्सलं घेणंच थांबवलं होतं. माझ्या दोन शाली तेव्हा पोस्टाच्या खिडकीवरूनच घरी परतल्या.