टोकन ४७, पावतीवर वेळ ११:१५, आणि नंबर लागला साडेबाराला, असं का होतं?

प्रश्न: आईला घेऊन सरकारी हॉस्पिटलच्या मेडिसिन ओपीडीत गेले होते. टोकन ४७, पावतीवर अंदाजे वेळ ११:१५. आत गेलो साडेबाराला, आणि आमच्या डोळ्यांदेखत ५२ आणि ६१ नंबरवाले आधी आत गेले. हे टोकन आणि ही वेळ नक्की कशी ठरते? मधे आईला चहा-नाश्ता द्यायला कँटीनला गेलं तर नंबर जातो का?

उत्तर:

ताई, मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत आधी केसपेपरच्या खिडकीवर आणि नंतर टोकनच्या टेबलावर मिळून अकरा वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला रोज किमान वीस माणसं विचारायची. गर्दीत दोन वाक्यांपलीकडे सांगायला वेळ मिळायचा नाही, आज नीट सांगते.

आधी ती वेळ कुठून येते ते. मशीनला आत काय चाललंय ते दिसत नाही. त्याला तीनच गोष्टी माहीत असतात, तुमच्या पुढे किती नंबर शिल्लक आहेत, किती खोल्या चालू आहेत, आणि एका पेशंटला सरासरी किती मिनिटं लागतात. ही सरासरी बऱ्याच ठिकाणी कुणीतरी एकदा भरून ठेवलेली असते आणि काही ठिकाणी मागच्या नंबरांवरून मशीन स्वतः काढतं. मग पुढचे नंबर गुणिले मिनिटं भागिले खोल्या, आणि जे येईल ते त्या क्षणाच्या वेळेत मिळवून पावतीवर छापायचं. बस, एवढंच आहे.

तुमचंच उदाहरण घेऊ. तुम्ही पावती निघाल्याची वेळ लिहिली नाहीये म्हणून मी ९:३५ धरते, आणि तेव्हा स्क्रीनवर २१ चालू होता असं समजा. म्हणजे २२ ते ४६, तुमच्या पुढे २५ जण. दोन खोल्या, पेशंटमागे ८ मिनिटं. २५ गुणिले ८ म्हणजे २००, भागिले २, म्हणजे १०० मिनिटं. ९:३५ मध्ये एक तास चाळीस मिनिटं मिळवली की ११:१५. झाली तुमची वेळ.

आता आत खरं काय होतं ते बघा. पहिली चाळीस मिनिटं सगळं सुरळीत, १० जण झाले, १५ राहिले. सव्वादहाला वॉर्डातून फोन येतो, एक डॉक्टर पेशंट बघायला वर जातात आणि तासाने परत येतात. त्या तासात एकच खोली चालू, म्हणजे जेमतेम ७ जण होतात. ११:१५ वाजले, पावतीवरची वेळ झाली, आणि तुमच्या पुढे अजून ८ जण आहेत. इथे लोकांचा पहिला स्फोट होतो, आणि तो होणारच ना, कारण हातात कागद आहे आणि त्यावर वेळ छापलेली आहे. पण तो कागद ९:३५ चा आहे. एकदा छापलेली वेळ बदलत नाही, वॉर्डातला फोन त्या कागदाला कळत नाही.

आणि आता दुसरी गोष्ट, जी जवळजवळ कुणालाच माहीत नसते. सकाळी नऊ-साडेनऊला ज्यांना डॉक्टरांनी रक्त किंवा एक्स-रे सांगितला ते लोक अकराच्या पुढे रिपोर्ट घेऊन परत यायला लागतात. त्यांना नवीन टोकन नसतं, ते जुन्याच केसपेपरवर दारातल्या मामांना सांगून आत जातात आणि हे बरोबरच आहे कारण त्यांची तपासणी अर्धी राहिलेली असते. पण मशीनच्या हिशोबात ते नसतातच. दर नवीन नंबरामागे एक रिपोर्टवाला धरा, त्याला ५ मिनिटं. म्हणजे तुमच्या पुढच्या ८ जणांना आता ८ ऐवजी १३ मिनिटांच्या हिशोबाने दोन खोल्यांत ५२ मिनिटं लागतात, वाजले १२:०७. त्यात चार-पाच प्रायॉरिटीवाले आणि एखाद-दोन मागे राहून गेलेले नंबर, सहा जण धरले तर अजून २४ मिनिटं. साडेबारा. तुम्हाला जो वेळ लागला तो असा लागतो. कुणी कामचुकारपणा केला असं मी म्हणणार नाही, आणि तुमची चूक तर अजिबात नाही.

म्हणून मी लोकांना सांगायचे की सकाळच्या पहिल्या तासातल्या वेगावर विश्वास ठेवू नका. अकरानंतर नंबर हळू सरकतात ते डॉक्टर थकले म्हणून नाही, मधे रिपोर्टवाले जातात म्हणून.

आता ५२ आणि ६१. याची दोन-तीन कारणं असतात आणि बाहेर बसून ती वेगवेगळी ओळखू येत नाहीत, हाच मोठा घोळ. बऱ्याच हॉस्पिटलांत केसपेपर खिडकीवर सगळ्यांना एकाच ओळीत नंबर देतात, मग त्यातले काही खोली ५ ला, काही ६ ला. मेडिसिनमध्ये युनिट म्हणजे डॉक्टरांचे गट असतात, जुना पेशंट ज्या युनिटचा असतो त्यालाच दाखवतात. त्यामुळे ६१ नंबरवाला त्याच्या खोलीपुढे कदाचित तिसराच असेल, आणि तुम्ही तुमच्या खोलीपुढे बारावे. पावतीवर नंबराशेजारी खोलीचा आकडा किंवा विभागाचं अक्षर असतं ते आधी वाचा आणि स्क्रीनवर फक्त तेवढंच बघा, बाकीचे आकडे तुमच्यासाठी नाहीतच. दुसरं कारण प्रायॉरिटी, म्हणजे स्ट्रेचरवरचा, गरोदर बाई, दिव्यांग, बऱ्याच ठिकाणी ज्येष्ठ नागरिक. तुमच्या आई साठीच्या पुढे असतील तर टोकन काढतानाच वय सांगायचं, आधार दाखवायचं आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा नंबर आहे का ते विचारायचं. नंतर दारात जाऊन सांगितलं तर मामा ऐकतील किंवा नाही ऐकणार, कारण मशीनमध्ये तुमची नोंद साध्या रांगेत झालेली असते आणि मागे बसलेले लोक तेवढ्यात आरडाओरडा सुरू करतात.

(पासपोर्ट सेवा केंद्रात हेच वेगळ्या तऱ्हेने दिसतं. तिथे एकच टोकन ए, बी, सी अशा तीन काउंटरांवरून फिरतं आणि प्रत्येक टप्प्याची रांग वेगळी, त्यामुळे ए ला तुमच्या मागे असलेला माणूस सी ला पुढे निघू शकतो.)

अजून एक घोळ गेल्या काही वर्षांत वाढलाय. ऑक्टोबर २०२२ पासून आभाचं, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याचं, स्कॅन अँड शेअर सुरू झालं, दारातला क्यूआर मोबाईलने स्कॅन केला की नाव-पत्ता हॉस्पिटलकडे जातो आणि मोबाईलवर टोकन येतं. ते टोकन केसपेपरच्या खिडकीचं असतं, डॉक्टरांचं नाही. त्याने नाव-पत्ता सांगत उभं राहायचं वाचतं, एवढाच त्याचा फायदा आणि तो चांगला फायदा आहे. पण मोबाईलवर १२ नंबर आलाय म्हणून लोक थेट डॉक्टरांच्या दारात जाऊन बसतात, तास जातो, आणि मग कळतं की खिडकीवर केसपेपर घ्यायचा राहिलाच. केसपेपर हातात आला, त्यावर विभाग आणि खोली लिहिली गेली, की तिथून डॉक्टरांची रांग सुरू होते.

आता कँटीनचं. जा, नक्की जा, उपाशी डायबेटिसवाल्या बाया बाकावर चक्कर येऊन पडलेल्या मी बघितल्या आहेत. (फक्त उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर ते आधी.) पण जाण्याआधी वीस मिनिटं बसून स्वतः मोजा. समजा १०:१० ला तुमच्या खोलीचा नंबर २६ आहे आणि १०:३० ला ३० झाला. वीस मिनिटांत चार, म्हणजे नंबरामागे पाच मिनिटं. तुमच्या पुढे सोळा शिल्लक, म्हणजे ऐंशी मिनिटं. यात खोल्या किती, डॉक्टर किती, मधे कोण घुसलं, ते सगळं आपोआप आलं, म्हणून हा आकडा पावतीवरच्या वेळेपेक्षा खरा. पण ऐंशी मिनिटं बाहेर राहू नका, निम्मीच धरा, चाळीस मिनिटांत परत या. कारण नंबर उड्याही मारतात. टोकन काढून कंटाळून घरी गेलेले असतात, दुसऱ्या विभागात गेलेले असतात, असे सोळात चार-पाच निघाले की वीस-पंचवीस मिनिटं एका झटक्यात कमी होतात. स्क्रीन ३३ वरून एकदम ३७ वर गेली की समजायचं. परत आल्यावर पुन्हा एकदा मोजा, आणि अकरा वाजून गेले असतील तर पहिला हिशोब सोडूनच द्या.

आणि तरीही नंबर गेलाच तर? नंबर गेला म्हणजे मेला नाही. आत बटण दाबणारी व्यक्ती दोनदा पुकारते, कुणी आलं नाही तर तो नंबर बाजूला ठेवून पुढचा घेते. तो मशीनमध्ये तसाच असतो, परत पुकारता येतो. तुम्ही फक्त दारातल्या मामा-मावशींना किंवा सिस्टरना पावती दाखवून सांगायचं की ४७ गेला, आम्ही आलोय. साधारणपणे दोन-तीन पेशंट झाले की आत घेतात. नवीन टोकन काढायचं नाही! हे मी कळकळीने सांगते कारण एक आजोबा मला अजून आठवतात, पहाटेच्या एसटीने आले होते, टोकन ३१. लघवीला गेले तेवढ्यात पुकारा झाला. त्यांना वाटलं नंबर बाद झाला, कुणाला न विचारता परत खिडकीच्या रांगेत उभे राहिले आणि ८८ नंबर घेऊन येऊन बसले. दीडच्या सुमाराला मी त्यांच्या हातात दोन पावत्या बघितल्या, ३१ ची घामाने ओली होऊन चुरगळलेली. सिस्टरना सांगितलं, पुढच्या पेशंटनंतर लगेच आत घेतलं. अडीच-तीन तास त्यांनी उगाच काढले, नुसतं दारात विचारलं असतं तर अकराच्या आत मोकळे झाले असते.

पावतीवरून आठवलं, तो कागद थर्मलचा असतो, ऊन लागलं किंवा घामाच्या हातात राहिला की अक्षरं उडतात. हातात आल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंबर, खोली आणि छापल्याची वेळ तिन्ही दिसेल असा.

आईंना तपासण्या सांगितल्या असतील आणि रिपोर्ट त्याच दिवशी मिळणार नसतील, तर निघतानाच सिस्टरना दोन गोष्टी विचारून घ्या, आपल्या युनिटची पुढची ओपीडी कुठल्या वारी, आणि रिपोर्ट दाखवायला नवीन टोकन लागतं की जुन्या केसपेपरवर आत घेतात. आमच्याकडे त्याच दिवशी रिपोर्ट आला तर टोकन लागत नसे, दुसऱ्या दिवशी मात्र लागायचं, आणि ते काढायची खिडकी बाराला बंद व्हायची.