टीम गप्प का बसते: नव्या टीम लीडसाठी

आधीच्या मॅनेजरने रिलीजच्या आदल्या दिवशी बग दाखवणाऱ्या टेस्टरला सगळ्यांसमोर झापलं आणि अप्रेझलमध्ये तिचं रेटिंग कमी केलं, असं तुम्ही लिहिलंय. मग आज कोणी तोंड उघडत नाही यात नवल नाही. शिक्षा एकीला झाली, धडा सगळ्यांनी घेतला. बोलण्याची किंमत लगेच आणि एकट्याला मोजावी लागते; गप्प राहण्याचं नुकसान उशिरा होतं आणि सगळ्यांत वाटलं जातं. त्यांचा हिशोब चुकलेला नाही.

सुरुवातीला एवढंच करा:

- मीटिंगमध्ये "काही अडचण आहे का?" विचारू नका, उत्तर "नाही सर" असंच येणार. एकेकट्याला गाठून नेमकं विचारा: "या रिलीजमध्ये काय फुटेल असं वाटतं?"
- पहिली वाईट बातमी आली की "हे आधी का नाही सांगितलं?" तोंडातून निघता कामा नये. टीम तुम्हाला जोखते ती याच क्षणी. आधी काय झालं ते समजून घ्या, मग काय करायचं ते ठरवा. कोणी केलं, हे बहुतेकदा विचारावंच लागत नाही.
- सांगितलेल्याचं पुढे काय केलं ते दोन-तीन दिवसांत कळवा. जमलं नाही तर तेही, कारणासकट.

"माझं दार सदैव उघडं आहे" हे भाषण मात्र नको. आधीच्यांनीही ते केलं असणार!

बगची नोंद वाढली तर दचकू नका. १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना संशोधक एमी एडमंडसन यांना चांगल्या टीममध्येच जास्त चुका नोंदलेल्या दिसल्या, कारण तिथे लोक त्या लपवत नव्हते. तुमच्या वरिष्ठांना हे आकडा चढण्याआधीच सांगून ठेवा.