खरेदीचे साहेब सोडून चालले, आता आपलं काम टिकेल का?

प्रश्न : भोसरीत आमचं सीएनसी मशीनिंगचं युनिट आहे. चाकणच्या एका कंपनीचं काम आमच्या उलाढालीच्या निम्म्याहून जास्त आहे. ज्यांनी आम्हाला तिथे आत घेतलं ते खरेदीचे साहेब महिनाअखेर नोकरी सोडत आहेत. कंपनीत दुसरं कुणी आम्हाला नीट ओळखत नाही. आत्ता काय करू?

साहेब अजून खुर्चीवर आहेत, तोवरच होतील अशी कामं आधी उरका. त्यांनी तोंडी दिलेले सगळे शब्द एका कागदावर उतरवा. स्टील वाढलं की दर सुधारून देऊ, मागच्या महिन्यातलं डेबिट नोटचं प्रकरण मिटवू, फिक्स्चरचा खर्च नगामागे वळता करू, असे शब्द प्रत्येक व्हेंडरकडे असतात. ते पर्चेस ऑर्डरमध्ये आलेले नसतील तर नव्या माणसासाठी ते अस्तित्वातच नाहीत. त्याला दिसतो तो फक्त सिस्टिममधला दर.

समजा, फिक्स्चरला चार लाख लागले आणि साहेबांनी नगामागे आठ रुपये धरून पन्नास हजार नगांत ते वसूल करून द्यायचं ठरवलं. आजवर एकतीस हजार नग गेले. म्हणजे एकोणीस हजार नगांचे १,५२,००० रुपये अजून यायचे आहेत. ऑर्डरवर मात्र नुसता एकत्र दर लिहिलेला आहे. नवा खरेदीवाला तो दर दुसऱ्या कोटेशनशी ताडून पाहतो, तेव्हा तुम्ही आठ रुपयांनी महाग दिसता, आणि हे आठ रुपये कशाचे ते सांगणारं तिथे कुणी उरलेलं नसतं. म्हणून आजच साहेबांना मेल करा. मूळ रक्कम, गेलेले नग आणि उरलेली रक्कम मांडा आणि ऑर्डरची दुरुस्ती मागा. तेवढा वेळ नसेल तर निदान त्या मेलवर त्यांचं ‘मान्य’ असं उत्तर घ्या आणि त्यांच्या वरिष्ठांना प्रत ठेवायला सांगा. जाणारा माणूस हे सहसा करून देतो, कारण त्यालाही आपल्यामागे घोळ ठेवायचा नसतो.

दुसरी विनंती ओळखीची करा. त्यांच्या जागी कोण येणार हे कदाचित ठरलेलं नसेल. पण खरेदीप्रमुख आणि तुमचे पार्ट पाहणारा सप्लायर क्वालिटीचा इंजिनिअर, हे दोघे तर जागेवर आहेत. पाच मिनिटांसाठी का होईना, साहेबांनी तुम्हाला त्यांच्यासमोर बसवलं पाहिजे.

नवा माणूस आला की बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांत दोन-तीन ठिकाणांहून कोटेशन मागवतो. त्याच्या डोक्यावर खर्चकपातीचं टार्गेट असतं. हा तुमच्यावरचा राग नव्हे, घाबरून पहिल्याच भेटीत दर खाली आणू नका. भेटायला जाताना एकच पान न्या. त्यावर पार्ट नंबर, महिन्याचं शेड्यूल, प्रत्येक पार्टचं पीपॅप कधी मंजूर झालं, वर्षभरातली रिजेक्शन आणि वेळेवर गेलेल्या मालाची टक्केवारी असू द्या, खाली उरलेले प्रश्न लिहा. वर्षात ४०,००० नग गेले आणि १२ परत आले तर ३०० पीपीएम असं स्पष्ट लिहा. आकडा वाईट असला तरी लिहा, कारण क्वालिटीच्या रजिस्टरमध्ये तो त्याला मिळणारच आहे. ‘आधीचे साहेब असं करायचे’ हे वाक्य मात्र त्या खोलीत उच्चारू नका. त्यानंतर तो तुमच्याकडे आधीच्या साहेबांचा माणूस म्हणूनच पाहायला लागतो.

प्रश्न : नाशिकला अंबडमध्ये माझा रबर पार्टचा व्यवसाय आहे. इतर विभागांत ओळखी वाढवायला हव्यात हे कळतं. पण आमचा बायर स्पष्ट म्हणतो, ‘मॅडम, जे काही असेल ते माझ्याशीच बोला.’ त्याला न दुखावता बाकीच्यांपर्यंत पोहोचायचं कसं?

त्याचं म्हणणं दराच्या बाबतीत रास्त आहे आणि ते शब्दशः पाळा. दर, पेमेंटच्या अटी, कामाचा वाटा, हे विषय बायरशिवाय कुणाकडेही काढायचे नाहीत, अगदी प्लांट हेडने चहा पाजून विचारलं तरी. बायरला भीती असते ती आपल्या मागे वर तक्रार जाण्याची. ती भीती नसेल तर बाकीच्या गाठीभेटींना तो आडकाठी करत नाही, उलट त्याचं काम हलकं होतं.

आता तुमचा एक पार्ट घ्या आणि त्या कंपनीत तो कुणाकुणाच्या हातून जातो ते लिहून काढा. ड्रॉइंग करणारा डिझायनर, शेड्यूल पाठवणारा प्लॅनिंगवाला, गेटवरून माल उतरवून घेऊन जीआरएन करणारा स्टोअरवाला, इनकमिंगचा तपासनीस, लाइनवर तो पार्ट बसवणारा सुपरवायझर, बिल पास करणारा अकाउंट्सचा माणूस. प्रत्येकासमोर नाव लिहा. जिथे नाव लिहिता येत नाही तिथे तुमचं काम कुणाच्या तरी मर्जीवर चाललेलं आहे. आणखी एक कसोटी लावा : गेल्या तीन महिन्यांत बायर सोडून कुणी आपणहून तुम्हाला फोन केला? एकानेही केला नसेल तर सगळा संबंध एकाच माणसावर उभा आहे.

या माणसांकडे जायला निमित्त कामातूनच मिळतं. नुसतं ‘सहज आलो होतो’ म्हणून गेलात तर त्यांचा वेळ जातो आणि बायरच्या कानावरही जातं. सगळ्यात मोठं निमित्त म्हणजे तक्रार. समजा, तुमच्या सीलची एक खेप लाइनवर घट्ट बसतेय म्हणून मेल आला. बरेचजण पुढची खेप बदलून देतात आणि ८डीचा फॉर्म टेबलावर बसून भरतात. तुम्ही त्याच दिवशी स्वतः जा किंवा क्वालिटीचा माणूस पाठवा. बायरला आधी कळवा : ‘सर, इनकमिंगला आणि लाइनवर जाऊन पाहते, संध्याकाळी तुम्हाला कळवते.’ तिथे स्टोअरमधला साठा वेगळा काढून तपासून द्या, म्हणजे लाइन थांबणार नाही. मग तेच पाच नग तुमच्या साधनाने आणि त्यांच्या साधनाने मोजा. रबर मोजताना साधनाचा दाब जरा वाढला तरी माप बदलतं, त्यामुळे वाद पुष्कळदा पार्टचा नसून मोजण्याच्या पद्धतीचा निघतो. दोघांची पद्धत एक करून इनकमिंगच्या माणसाची सही घेतलीत की पुढच्या वेळी तो आधी तुम्हाला फोन करेल आणि मग रिजेक्शन टाकेल. असा फोन जपण्यासारखा असतो. संध्याकाळी बायरला सगळं लिहून पाठवा. त्याला अंधारात ठेवलेलं नाही हे दोन-तीनदा दिसलं की तोच म्हणू लागतो, ‘तुम्ही डायरेक्ट बोलून घ्या.’

लाइनवर गेलात की सुपरवायझरला पॅकिंगबद्दल विचारा. पिशवीत नग जास्त येतात का, लेबल उलट्या बाजूला लागतं का, सील एकमेकांना चिकटून येतात का. हे बदलायला तुम्हाला फारसा खर्च येत नाही आणि त्याचे रोजचे कष्ट वाचतात. व्हेंडर बदलायचा विषय निघतो तेव्हा खरेदीवाला लाइनला विचारतोच की यांचा काही त्रास आहे का. त्या प्रश्नाचं उत्तर हा सुपरवायझर देतो.

अकाउंट्सकडे जायलाही सरळ कारण आहे. दरवर्षी ३१ मार्चची शिल्लक दोन्हीकडून जुळवून सहीनिशी घ्या. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे पैसे २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. प्राप्तिकर कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. त्यामुळे तुमचं उद्यम प्रमाणपत्र त्यांच्या व्हेंडर मास्टरमध्ये नोंदलेलं असणं ही अकाउंट्सचीही गरज आहे. ते घेऊन जा. थकबाकीच्या तगाद्याने सुरू झालेल्या ओळखीपेक्षा ही ओळख चांगली टिकते.

एक मर्यादाही ध्यानात ठेवा. मॉडेल बंद झालं, तो पार्ट कंपनीने घरातच बनवायचं ठरवलं किंवा खरेदी दिल्ली-चेन्नईच्या मुख्य कार्यालयात गेली, तर प्लांटमधल्या सहा ओळखी मिळूनही काम वाचवू शकत नाहीत. त्यांचा उपयोग एवढाच, आणि तो मोठा आहे, की हे तुम्हाला चार-सहा महिने आधी कळतं. डिझायनर आणि प्लॅनिंगवाल्याशी बोलणं ठेवायचं ते यासाठी.

प्रश्न : कोल्हापूरला शिरोलीत आमची फाउंड्री आहे. आमच्या ग्राहकाकडचे मॅनेजर दुसऱ्या कंपनीत गेले आणि आता तिथे या म्हणून बोलावतात. जुन्या कंपनीत आमचं काम चालूच आहे. जावं का?

जरूर जा. एकाच्या जागी दोन ग्राहक होण्याची संधी असते, आणि तुमचं काम पाहिलेला माणूस तिथे आत आहे. फक्त जुन्या कंपनीचं काहीही सोबत नेऊ नका. कास्टिंगचे पॅटर्न बहुतेक वेळा ग्राहकाच्या मालकीचे असतात, ड्रॉइंग तर असतंच. ‘तोच पार्ट आम्हाला पण द्या’ असं त्यांनी म्हटलं तर नाही म्हणा. जुने दर सांगू नका, जुन्या कंपनीत आता कोण काय करतं तेही नको. नव्या कंपनीत नव्या ड्रॉइंगवर, नव्या पॅटर्नवर, त्यांच्या मंजुरीच्या पद्धतीने सुरुवात करा आणि पहिल्या महिन्यापासूनच तिथल्या क्वालिटीवाल्यांना भेटा. नाहीतर पुन्हा त्याच एका माणसावर अवलंबून राहाल, आणि एकदा नोकरी बदललेला माणूस पुन्हाही बदलतो.

जुन्या कंपनीला ही बातमी बाहेरून कळण्याआधी तुम्हीच सांगितलेली बरी : ‘आम्ही तिकडेही काम घेतोय, तुमच्या शेड्यूलला धक्का लागणार नाही.’ आणि तो खरोखर लागू देऊ नका. त्या महिन्यात तुमच्या वेळेवर जाणाऱ्या मालाचा आकडा तिथे बारकाईने पाहिला जाईल.

प्रश्न : आमच्याकडे उलटं आहे. ग्राहकाकडची सगळी माणसं ओळखीची आहेत, पण त्या सगळ्या ओळखी एकट्या बाबांच्या. आता त्यांचं वय झालंय. मी काय करू?

पुढच्या तक्रारीला बाबांनी जाऊ नये, तुम्ही जा. बाबांनी आधी फोन करून एवढंच सांगावं की मुलगी येतेय, निर्णय तिचाच. जागेवर काही ठरवायची वेळ आली तर बाबांना फोन न लावता ठरवा, पन्नास नग बदलून द्यायचे असले तरी. तुम्ही दर वेळी फोन लावलात तर पुढच्या वेळी ते थेट बाबांनाच फोन करतील.

घरी आल्यावर बाबांजवळ बसून एका वहीत प्रत्येक कंपनीचं एक पान करा. त्यात माणसाचं नाव, त्याचं टेबल, आजवर त्याच्याशी काय ठरलंय आणि त्यातलं किती कागदावर आहे, एवढं लिहा. वाढदिवस वगैरे नकोत. शेवटच्या रकान्यात जिथे ‘तोंडी’ असेल, त्या कंपनीत पहिल्यांदा जा, आणि बाबांना तेवढ्या एका भेटीला सोबत न्या.