सुट्टी लागायच्या आधीची पाच मिनिटं

"आई, आजी म्हणाली, तुमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्यांना पटांगणात उभं करून हेडसर भाषण करायचे. सुट्टी तर लागणारच असते, मग भाषण कशाला? काय सांगायचे ते?"

लाडक्या चिऊ,

तुमच्याकडे जर्मनीत शरदाच्या सुट्टीआधी शेवटची घंटा झाली की सगळे सायकली काढून घरी पळतात. रोज सकाळी अख्खी शाळा एका जागी उभी राहते, हेच तू कधी पाहिलेलं नाहीस, त्यामुळे तुला नवल वाटणं साहजिक आहे. आधी ते सांगते.

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव आणि शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. सकाळी परिपाठ असायचा. वर्गावार रांगा, बुटकी मुलं पुढे, उंच मागे. "शाळा, सावधान!" झालं की राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, मग कुणीतरी सुविचार वाचायचं, कुणी पेपरातल्या बातम्या. हेडसरांना आम्ही मोठे गुरुजी म्हणायचो. ते रोज बोलत नसत. सहामाही परीक्षा संपून पहिलं सत्र बंद व्हायचं त्या दिवशी मात्र परिपाठाच्या शेवटी ते ओट्यावर यायचे, "विश्राम" म्हणायचे आणि बोलायला लागायचे. पाच मिनिटं, फार तर सात. उन्हात उभं असलेलं पहिलीतलं पोर त्याहून जास्त ऐकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता भाषण कशाला, ते कळायला तुला आमच्या गावातली दिवाळी कशी असायची हे माहीत हवं. आमच्याकडे पावसाच्या भरवशावरची शेती. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखाने पेटतात आणि गावातली निम्मीअधिक घरं ऊस तोडायला निघतात: सांगली, कोल्हापूर, सातारा, कुणी पार कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, तोडणीत मजूर असेच मोजतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. भाऊबीज झाली की गाड्या भरायच्या. भांडी, धान्य, शेळी, आणि त्याच गाडीत मुलंही. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत पाच-सहा महिने, उसाच्या फडाजवळ कोपी घालून राहायचं. परत यायला मार्च-एप्रिल. तोवर वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. पहिल्या सत्रात वर्गात बसलेलं मूल दुसऱ्या सत्रात दिसायचंच नाही, आणि असं लागोपाठ दोन वर्षं झालं की ते कायमचं सुटायचं.

म्हणून आमच्या शाळेत सुट्टीआधीचं भाषण हा नुसता शुभेच्छांचा कार्यक्रम नव्हता. गुरुजींच्या हातात मुलं असायची ती शेवटची पाच मिनिटं होती. मी चौथीत असतानाचं भाषण मला जवळजवळ पाठ आहे. ते साधारण असं होतं:

"मुलांनो, शाळा कोणत्या वारी उघडणार? सगळ्यांनी एकदम सांगा. (आम्ही ओरडलो, 'सोमवारी!') परत एकदा. शाबास. आता दिवाळी. वसुबारसेला गाय-वासरू, धनत्रयोदशीला दिवा, नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून अंघोळ, अमावस्येला लक्ष्मीपूजन. हे तुमच्या आया मला शिकवतील, मी तुम्हांला काय सांगणार? मी फक्त पाडव्याचं सांगतो. पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा. बळीराजाला वामनाने पाताळात घातलं. तरी आपल्या घरी त्या दिवशी ओवाळताना काय म्हणतात? 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.' गेलेला राजा परत यावा, असं आपण दर वर्षी म्हणतो. तुमच्यातले काही जण भाऊबीजेनंतर गाव सोडतील. त्यांनीही परत यायचं आहे, आणि या शाळेत यायचं आहे. ज्यांच्या घरी आजी किंवा आजोबा गावात थांबणार असतील त्यांनी उद्या सकाळी त्यांना माझ्याकडे घेऊन यावं. उद्या सुट्टी आहे, पण मी शाळेत आहे. ज्यांना जावंच लागेल त्यांनी पुस्तकं जमा करायची नाहीत, सोबत न्यायची. आणि एक कोरी वही माझ्याकडून न्यायची. त्या वहीत रोज तारीख, गाडीच्या किती खेपा झाल्या आणि काट्यावर किती वजन भरलं, एवढं लिहायचं. परत आल्यावर मी ती वही तपासणार आहे. फटाके उडवताना पायात चप्पल आणि अंगात सुती कपडे. न फुटलेला फटाका हातात घ्यायचा नाही. भाजलंच तर शाई नाही, तूप नाही, आधी गार पाणी, चांगलं वीस मिनिटं. शाळा कधी उघडणार? ... बरोबर. दिवाळीच्या शुभेच्छा. वर्गात जा."

एवढंच, चिऊ. मी पुढे शहरात शिकले, तिथल्या शाळांतलीही सुट्टीआधीची भाषणं ऐकली. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेण्यातच तीन मिनिटं जायची, मग दिव्यांचा उत्सव, अंधारातून प्रकाशाकडे, आणि शेवटी नवे कपडे, फराळ, फटाके यांची वर्णनं. मुलं पाय बदलत उभी असायची. त्यातलं एक वाक्यही मला आज आठवत नाही. गुरुजींचं लक्षात राहिलं, कारण त्यांनी पाच दिवसांतला एकच दिवस निवडला आणि तो आमच्या घरात घडणाऱ्या गोष्टीला जोडला. पाडवा झाला की दोनच दिवसांत गाड्या हलणार, हे पटांगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बळीराजा कुणाला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

आणखी दोन गोष्टी मला फार उशिरा, मी स्वतः शिकवायला लागल्यावर कळल्या. एक म्हणजे त्यांनी "ऊसतोडीला कोण कोण जाणार, हात वर करा" असं कधीच विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर तोडणीची मुलं रांगेत वेगळी पडली असती आणि बाकीच्यांनी वळून पाहिलं असतं. यादी त्यांच्याकडे आधीच होती, वर्गशिक्षकांकडून आलेली. भाषणात ते "काही जण" म्हणायचे आणि प्रत्यक्ष काम दुसऱ्या दिवशी, शांत शाळेत, आजी-आजोबांशी करायचे. दुसरं म्हणजे नवे कपडे आणि गोडधोड याविषयी ते एक शब्द बोलत नसत. उचलीचे पैसे ज्या घरात आधीच संपले तिथल्या पोराला ते ऐकून कसं वाटेल, हे त्यांना कळत होतं. शिवाय आमच्या शाळेत बौद्ध आणि मुसलमान घरांतलीही मुलं होती, आणि कोयता तर सगळ्यांच्याच घरात होता. पाडव्याला ओवाळणं सगळ्यांकडे नसेल, पण परत यायचं हे सगळ्यांना लागू होतं.

आता वहीची गोष्ट, कारण ती आपल्या घरची आहे. त्या वर्षी मी गेले. तुझ्या आजी-आजोबांकडे बैलगाडी होती. पहाटे दोघं फडात ऊस तोडायचे, मोळ्या बांधायचे, गाडी भरायची आणि आजोबा ती कारखान्याच्या काट्यावर न्यायचे. मजुरी टनावर. मी लहान भावाला सांभाळायचे आणि रात्री कोपीत चिमणीच्या उजेडात आजोबांकडच्या पावतीवरून वजन वहीत उतरवायचे. त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, आकडे जेमतेम. पट्टा पडल्यावर मुकादमाने हिशेब केला तेव्हा त्याच्या वहीत दोन खेपा कमी होत्या. आजोबांनी माझी वही पुढे केली. तारीख होती, वजन होतं, आणि पावत्या मी पानांना टाचणीने लावून ठेवल्या होत्या. त्या दोन खेपा त्याने धरल्या. रक्कम किती होती ते मला आठवत नाही, पण आजी त्या रात्री मला जवळ घेऊन बराच वेळ गप्प बसली, ते आठवतं.

एप्रिलमध्ये गुरुजींनी वही खरंच तपासली. बेरजा लाल शाईने दुरुस्त केल्या. दोन चुकल्या होत्या. आणि परीक्षेला बसवलं.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी तेच भाषण, तोच सोमवार. दुसऱ्या दिवशी माझी पणजी, म्हणजे तुझी खापरपणजी, काठी टेकत शाळेत गेली. गुरुजींनी तिला ओट्यावर सतरंजी टाकून बसवलं आणि विचारलं, "पोरीला दोन वेळा खायला घालाल ना? बाकी मी बघतो." मी थांबले. आमच्या वर्गातली आणखी चार मुलं थांबली, सहा गेली. म्हणजे ते भाषण काही जादू नव्हतं. ज्यांच्या घरी मागे राहायला कुणीच नव्हतं, त्यांना गाडीत बसावंच लागलं. ज्या मुलींवर धाकटी भावंडं सोपवायची होती त्यांचंही तेच झालं. माझी बाकावरची मैत्रीण त्यातलीच. ती सहावीनंतर शाळेत आली नाही. काही कारखान्यांवर तोडणीच्या मुलांसाठी साखरशाळा असायच्या, पण तिच्या टोळीचा तळ तिथून लांब पडायचा.

आता काही गावांत हंगामी वसतिगृहं चालतात. आईवडील तोडणीला गेले तरी मूल गावात राहतं, त्याच्या जेवणाची सोय होते आणि त्याची शाळा सुटत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. तरीही कार्ड आहे, वसतिगृह आहे, हे कुणीतरी पोराच्या तोंडावर, नेमक्या वेळी सांगावं लागतं. ती नेमकी वेळ म्हणजे दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीची सकाळ. पालक त्या वेळी घरी असतात, मुकादम अजून गाडी घेऊन आलेला नसतो आणि मूल अजून रांगेत उभं असतं. आठवडाभराने सांगून उपयोग नाही.

आजीला रविवारी फोन करशील तेव्हा तिला वहीबद्दल विचार. ती तिच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली आहे. टाचण्या गंजल्या आहेत आणि पावत्यांवरचे आकडे उडाले आहेत, पण माझं चौथीतलं अक्षर अजून वाचता येतं. तिला म्हण, पहिल्या पानावर गुरुजींनी काय लिहिलंय ते दाखव. तिला वाचता येत नाही, पण कुठे बोट ठेवायचं ते तिला माहीत आहे.

तुझी,
आई