हरवलेल्या पार्सलची भरपाई कशी मागावी?

पार्सलचं ट्रॅकिंग हबवरच अडकलंय, कस्टमर केअर नुसतं ‘थांबा’ म्हणतं. वर तक्रार करताना काय लिहू?

शेवटचा स्कॅन आणि नेमकी रक्कम लिहून तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. कुरिअरच्या क्लेम विभागात काम केलंय, म्हणून सांगतो: ‘लवकर काहीतरी करा’ असा मेल पुन्हा कस्टमर केअरकडेच फिरतो. असं लिहा: “१२ तारखेला रात्री ९:४०ला पार्सल हबमध्ये आल्याचा स्कॅन आहे, बाहेर पडल्याचा नाही, म्हणजे ते तुमच्याच ताब्यात हरवलं. २५ तारखेपर्यंत पार्सल द्या, नाहीतर वस्तूच्या बिलाची रक्कम अधिक कुरिअर शुल्क परत करा.” सोबत ट्रॅकिंग क्रमांक, बिल, पावती आणि ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट जोडा. मात्र विमा काढला नसेल तर पावतीमागच्या अटींत भरपाईला मर्यादा असू शकते. लेखी क्लेमची मुदतही तिथेच असते, ती आजच बघा.