तळाची मखमल आधी सोलून काढा

«आमचं दापोलीजवळ होमस्टे आहे. ओळखीच्या एका विक्रेत्याकडे मकराणा संगमरवरात हाती घडवलेले दोन फुटी विठ्ठल आहेत. एकाचे ४५ हजार, चार घेतले तर दीड लाख. तीन वर्षांनी दुप्पट भावाने परत घेईन म्हणतो. नमुन्याची मूर्ती मुलाने एकट्याने स्कूटरवरून घरी आणली, वजन १२ किलो भरलं. चारही अगदी एकसारख्या आहेत, इतकं सफाईदार काम! तळाला हिरवी मखमल आहे. एफडी मोडू की सोनेतारण कर्ज काढू?»

ताई, दोन्ही नको. कारण व्याजदराचं नाही, त्या १२ किलोंचं आहे.

दोन फुटी विठ्ठल साधारण नऊ इंच रुंद आणि सहा इंच खोल धरा. एवढ्या आकाराचा दगड वीस लिटरचा होतो. कोरताना निम्मा गेला तरी दहा लिटर उरतो, आणि संगमरवराचा एक लिटर पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. म्हणजे मूर्ती पंचवीस किलोंच्या पुढे हवी. तुमची निम्मीही नाही. ती बहुधा रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये, संगमरवराची भुकटी कालवून साच्यात ओतलेली आहे, आणि आतून पोकळ.

तुम्हाला सफाई वाटली ती मला सगळ्यात जास्त खटकली. हाताने चार विठ्ठल घडवले तर एकाचा कान जरा वर येतो, दुसऱ्याच्या मुकुटाची रेघ वळते. विक्रेता कदाचित पाठीवरच्या छिन्नीच्या खुणा दाखवेल. खुणा खऱ्या असतील, पण साचा ज्या मूळ मूर्तीवरून काढला तिच्या. साच्यात खुणाही उतरतात. म्हणून दोन मूर्ती शेजारी पाठमोऱ्या ठेवा आणि एखादी खूण दोन्हींवर त्याच जागी दिसते का बघा. दिसली तर ओतकाम. दगडावर छिन्नीचा घाव बसतो तिथे आतले कण फुटून पांढरट डाग पडतो. ओतीव खुणेची कड गुळगुळीत असते आणि तो डाग नसतो.

मग विक्रेत्याला विचारून मखमल सोला. खाली दगड असेल तर करवतीचे ओरखडे दिसतील आणि टॉर्च तिरपी धरली की साखरेसारखे कण चमकतील. करवतीच्या रेघांना घाबरू नका, ठोकळा सगळेच यंत्रावर कापतात. ओतकाम असेल तर बारीक बुडबुड्यांची भोकं, जरा खचलेला मध्य किंवा पोकळी बुजवलेली पुट्टी दिसेल. कमरेवरच्या हातांमागची फटही बघा. बाहेरून साच्याची शिवण घासून काढतात, आत हात पोचत नाही म्हणून ती तिथे राहते.

लिंबू पिळून फेस बघायला कोणी सांगेल. करू नका. रेझिनमधली भुकटीही फसफसते आणि खऱ्या दगडाची झिलई मात्र जाते.

चारही एकसारख्या असून वजन नीट भरलं असतं, तर त्या यंत्रावर कोरलेल्या असण्याची शक्यता होती. खोल घड्यांमध्ये समान अंतराच्या बारीक रेघा राहतात आणि आतले सगळे कोपरे एकाच गोलाईचे येतात. तो दगड खराच असतो. पुष्कळ ठिकाणी मोठं काम यंत्र करतं आणि चेहरा कारागीर उजळतो. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला हाती घडवलेलं म्हणून भाव लावू नये.

आता तुमचा प्रश्न. तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे २६ टक्के. तोंडी. हा माणूस एवढे देऊ शकतो तर बँकेतून कर्ज काढून स्वतःच माल का धरून ठेवत नाही? सोनेतारण ११ टक्क्यांनी धरलं तर दीड लाखाचं तीन वर्षांचं व्याज पन्नास हजार होतं. आणि पूजेतला विठ्ठल बाजारात विकायला कोण नेतो? उन्हात अंगणात ठेवलेलं रेझिन हळूहळू पिवळं पडतं, ते वेगळंच.

विक्रेत्याकडे एकच मागा: बिलावर «मकराणा संगमरवर, हाती कोरीव» असं लिहून आणि एचएसएन क्रमांक, म्हणजे जीएसटी बिलावर मालाचा प्रकार सांगणारा आकडा. घडवलेल्या दगडाचा ६८०२, प्लास्टिकच्या शोभेच्या मूर्तीचा ३९२६, कृत्रिम दगडाचा ६८१०. परतखरेदीचा भाव आणि तारीखही कागदावर, सहीसकट. टाळाटाळ झाली तर नमुना त्याच स्कूटरवरून परत पाठवा, आगाऊ रक्कम दिली असेल तर त्याच फेरीत मागून घ्या. अंगणासाठी एक विठ्ठल हवाच असेल तर रेझिनचा, रेझिनच्या भावात, खिशातल्या पैशांनी घ्या. एफडी आहे तिथे राहू दे.