रंगकाम कंत्राटदाराच्या बिलावर टीडीएस: दर आणि भरण्याची तारीख

प्रश्न: आमची भागीदारी फर्म आहे. 2025-26 मध्ये एका रंगकाम कंत्राटदाराची जीएसटी सोडून 25,000, 28,000 आणि 29,000 ची तीन बिलं दिली, एकावरही टीडीएस कापला नाही. आता 28,000 चं चौथं बिल 30 सप्टेंबरला नोंदवलंय, पैसे 12 ऑक्टोबरला देणार. किती कापू आणि कधी भरू?

उत्तर: 1,100 रुपये कापा आणि 7 ऑक्टोबरच्या आत भरा. 12 ऑक्टोबरची वाट बघू नका.

कलम 194सीमध्ये दोन मर्यादा आहेत: एक रक्कम 30,000 च्या वर गेली किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली, की टीडीएस लागतो. तुमचं एकही बिल 30,000 च्या वर नाही आणि तिसऱ्या बिलापर्यंत बेरीज 82,000 च होती, म्हणून तेव्हा कापला नाहीत ते बरोबरच. चौथ्या बिलाने बेरीज 1,10,000 झाली. इथे बरेच जण फक्त 28,000 वर किंवा लाखाच्या वरच्या 10,000 वर कापतात, आणि ते चुकतं. कापायचा तो पूर्ण 1,10,000 वर. मागच्या बिलांचा टीडीएस याच बिलातून वळता करा. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्या रकमेवर टीडीएस नाही. 18 टक्के धरून चौथं बिल 33,040 चं होतं, त्यातले 31,940 त्यांना द्यायचे.

दर पैसे घेणाऱ्यावर ठरतो, तुमच्यावर नाही. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर 1 टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर 2 टक्के. बिलावरच्या दुकानी नावावर जाऊ नका, पॅनचं चौथं अक्षर बघा: पी म्हणजे व्यक्ती, एच म्हणजे कुटुंब, एफ म्हणजे फर्म, सी म्हणजे कंपनी. '… एंटरप्रायझेस' असं भारदस्त नाव असलं तरी मालक एकटा असेल तर पॅन त्याचाच असतो आणि दर 1 टक्काच. मी वरचा आकडा पी धरून काढलाय. एफ निघाला तर 2,200 होतील. पॅन दिलाच नाही तर थेट 20 टक्के.

आता तारीख. खात्यात जमा नोंद किंवा प्रत्यक्ष पैसे, यातलं जे आधी होईल त्या दिवशी कपात होते. तुमची नोंद 30 सप्टेंबरची, म्हणून पुढच्या महिन्याची 7 तारीख. (फक्त मार्चमधल्या कपातीला 30 एप्रिलपर्यंत मुदत असते.) 12 ऑक्टोबरला भरलंत तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण धरतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे दोन महिने मोजून 3 टक्के, म्हणजे 33 रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण त्यासाठी येणाऱ्या नोटिशीला उत्तर देत बसणं किरकोळ नसतं.

चलन 281 भरताना कर निर्धारण वर्ष 2026-27 निवडा. ही कपात दुसऱ्या तिमाहीच्या 26क्यू विवरणपत्रात जाईल, त्याची मुदत 31 ऑक्टोबर.